पेन ड्राइव्हमध्ये जागा शिल्लक असूनही एक मोठी फाइल का मावत नाही

बत्तीस जीबीचा पेन ड्राइव्ह आहे, त्यात वीस जीबीहून अधिक जागा मोकळी दिसते आहे, आणि तरीही सहा जीबीची एकच फाइल त्यात घालायला गेले की संगणक नकार देतो. लहान फाइली मात्र कितीही घातल्या तरी निमूटपणे जातात. अशा वेळी बहुतेकांचा पहिला समज ‘पेन ड्राइव्ह खराब झाला’ असा होतो आणि दुसरा ‘मोठा पेन ड्राइव्ह घ्यावा लागेल’ असा होतो. हे दोन्ही समज सहसा चुकीचे असतात. अडचण जागेची नसते, चिपचीही नसते. पेन ड्राइव्हवर फाइलींचा हिशेब ठेवण्याची जी पद्धत आहे, त्या पद्धतीच्या वहीतला एक रकाना अपुरा पडतो, एवढेच घडलेले असते.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण उदाहरण म्हणून शेवटपर्यंत सोबत ठेवतो. नात्यातल्या एका लग्नाचे चित्रीकरण छायाचित्रकाराने एकाच व्हिडिओ फाइलमध्ये दिले होते. चित्रफीत २ तास १० मिनिटांची, फाइलचे नाव lagna.mp4, आणि आकार ६.२० जीबी. ती पेन ड्राइव्हवर घालून गावी पाठवायची होती, म्हणजे तिकडची मंडळी टीव्हीवर पाहू शकतील. विंडोजवर फाइल ओढून पेन ड्राइव्हवर टाकताच पुढील अर्थाची चौकट समोर आली:

```
The file 'lagna.mp4' is too large for the destination file system.
```

या वाक्यात शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. फाइल ‘डिस्कसाठी’ मोठी आहे असे संगणक म्हणत नाही, तर ती तिथल्या ‘फाइल सिस्टिम’साठी मोठी आहे असे म्हणतो. जागा खरोखरच संपली असती, तर किती जागा कमी पडते आहे हे सांगणारा वेगळा संदेश आला असता.

आधी निदान पक्के करावे

फॉरमॅट करण्याची घाई करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली म्हणजे फाइलचा नेमका आकार. फाइलवर उजवी टिचकी मारून Properties उघडल्यावर Size या ओळीत जीबीतला आकडा आणि त्यापुढे बाइटमधला पूर्ण आकडा दिसतो. आमच्या फाइलसमोर ६,६५,७२,००,००० बाइट होते. खालीच Size on disk ही दुसरी ओळ असते. ती या कामाची नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पेन ड्राइव्हची फाइल सिस्टिम. This PC मध्ये पेन ड्राइव्हच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून Properties घेतले की File system या शब्दांपुढे FAT32, exFAT किंवा NTFS यांपैकी एक नाव दिसते. (पुढे मी यांना फॅट३२, एक्सफॅट आणि एनटीएफएस असे लिहीन.) लिनक्सवर हेच पुढील आज्ञेने कळते, तिथे फॅट३२ चे नाव vfat असे दिसते:

```
lsblk -f
```

नाव फॅट३२ असेल आणि फाइलचा आकार ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा जास्त असेल, तर निदान झाले. हा आकडा म्हणजे विंडोजच्या मोजणीतले ४ जीबी, एका बाइटने कमी. विंडोज १ जीबी म्हणजे १०२४ × १०२४ × १०२४ बाइट धरते, तर मॅक १०० कोटी बाइटांचा १ जीबी धरतो. म्हणून मॅकवर ‘४.२ जीबी’ दिसणारी फाइल फॅट३२ वर बिनबोभाट जाते आणि विंडोजवर ‘४.१ जीबी’ दिसणारी जात नाही. शंका असेल तेव्हा बाइटचाच आकडा पाहावा.

शंका तरीही उरली तर एक साधी चाचणी करता येते. साधारण ३ जीबीची एक फाइल पेन ड्राइव्हवर घालून पाहावी, आणि मग तशाच आणखी दोन. तिन्ही मिळून ९ जीबी झाले, तरी त्या गेल्या आणि उघडल्याही, तर पेन ड्राइव्ह ठणठणीत आहे आणि अडथळा एका फाइलच्या आकाराचाच आहे. याउलट छोट्या-छोट्या फाइलीसुद्धा एकूण ठरावीक जीबी झाल्यावर बिघडू लागल्या, गेल्यासारख्या दिसून उघडेनाशा झाल्या, तर दुखणे निराळे आहे: बाहेर ६४ जीबी छापलेला आणि आत प्रत्यक्षात ८ जीबीची चिप असलेला नकली पेन ड्राइव्ह असे वागतो. त्याला या लेखातला कोणताही उपाय लागू पडणार नाही.

फाइल नाकारण्याची रीत प्रत्येक ठिकाणी सारखी नसते, हेही ध्यानात असावे. विंडोजचा एक्सप्लोरर आकार आधीच तपासतो आणि सुरुवातीलाच नकार देतो. लिनक्सवर टर्मिनलमधून cp ने प्रत घेतली, तर काम सुरू होते, बराच वेळ चालते आणि ४ जीबीच्या हद्दीवर येऊन File too large या संदेशाने थांबते. मागे नेमक्या ४,२९,४९,६७,२९५ बाइटची अर्धवट फाइल राहते. पेन ड्राइव्हवर बरोबर याच आकाराची फाइल सापडली, तर ती अर्धवट आहे असे जवळजवळ खात्रीने समजावे.

अडचण नेमकी कुठे आहे

फॅट३२ मध्ये पेन ड्राइव्हची जागा समान आकाराच्या तुकड्यांत वाटलेली असते. या तुकड्याला क्लस्टर म्हणतात. प्रत्येक फाइल अशा काही क्लस्टरांत पसरलेली असते, आणि एका क्लस्टरनंतर पुढचा कोणता, याची साखळी एका कोष्टकात लिहिलेली असते. ‘फॅट’ हे त्या कोष्टकाच्याच इंग्रजी नावाचे लघुरूप आहे. याखेरीज प्रत्येक फोल्डरमध्ये त्यातल्या फाइलींची यादी असते आणि यादीतल्या प्रत्येक फाइलसाठी ३२ बाइटची एक नोंद असते. त्या नोंदीत फाइलचे नाव, तारीख, वेळ, पहिल्या क्लस्टरचा क्रमांक आणि अगदी शेवटच्या ४ बाइटांत फाइलचा आकार लिहिलेला असतो.

या शेवटच्या चार बाइटांतच सगळी गोम आहे. चार बाइट म्हणजे ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक लिहिता येईल अशा ३२ जागा. या सर्व जागांवर एक लिहिला की जो आकडा होतो, तो ४,२९,४९,६७,२९५. त्यापेक्षा एकानेही मोठा आकडा या रकान्यात लिहिण्याची सोयच नाही. छापील अर्जावर रकमेसाठी चार चौकटी दिल्या असतील, तर ९९९९ च्या पुढची रक्कम त्या अर्जावर लिहिता येत नाही. खात्यात पैसे किती आहेत याच्याशी त्याचा संबंध नसतो. इथेही तसेच आहे.

आमच्या फाइलचे उदाहरण घेऊन हे तपासून पाहू. पेन ड्राइव्हचा क्लस्टर १६ केबीचा, म्हणजे १६,३८४ बाइटचा होता. त्यामुळे ६,६५,७२,००,००० बाइटच्या फाइलला ४,०६,३२४ क्लस्टर लागले असते. तेवढे मोकळे क्लस्टर होते. त्यांची साखळी कोष्टकात लिहिता आली असती, कारण कोष्टक इतकी मोठी साखळी सहज पेलते. म्हणजे जागा होती आणि साखळीही झाली असती. अडले ते फक्त आकार लिहिताना. समजा संगणकाने तरीही दडपून तो आकडा लिहिला असता, तर रकान्यात न मावणारा वरचा भाग गळून पडला असता आणि २,३६,२२,३२,७०४ एवढाच उरला असता. विजेच्या जुन्या मीटरचा आकडा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर यावा, तसे हे झाले असते. मग पुढच्या वेळी पेन ड्राइव्ह जोडल्यावर संगणकाने ती फाइल २.२ जीबीचीच समजली असती आणि उरलेली ४ जीबी चित्रफीत डिस्कवर असूनही कोणाला सापडली नसती. चुकीची नोंद करण्यापेक्षा फाइल नाकारणे हे त्यामानाने बरेच शहाणपणाचे वर्तन आहे.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण तो जाणकार समजल्या जाणाऱ्या लोकांतही आढळतो. फॅट३२ मधला ‘३२’ हा आकडा आणि फाइलच्या आकाराची ३२ बिटांची मर्यादा यांचा थेट संबंध नाही. नावातला ३२ हा साखळीच्या कोष्टकातील नोंदीच्या रुंदीबद्दल आहे (आणि तिथेही क्लस्टरच्या क्रमांकासाठी प्रत्यक्षात २८ बिटच वापरतात). आकाराचा चार बाइटचा रकाना त्याहून जुना आहे. तो डॉसच्या काळापासून तसाच चालत आला आहे.

मग फॅट३२ तयार करताना तो रकाना रुंद का केला नाही? उत्तर त्या काळात आहे. १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आली, ती मुख्यतः एका वेगळ्या अडचणीसाठी: आधीच्या फॅट१६ मध्ये डिस्कचा एक विभागच साधारणपणे २ जीबीपेक्षा मोठा करता येत नसे आणि हार्ड डिस्क तर त्यापुढे जाऊ लागल्या होत्या. म्हणून क्लस्टरचे क्रमांक मोठे केले गेले आणि त्यांचा वरचा अर्धा भाग ३२ बाइटच्या नोंदीतल्या एका मोकळ्या जागी बसवला गेला. संपूर्ण डिस्कच दोन-तीन जीबीची असताना एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होईल, ही शक्यता तेव्हा कोणाला अडचणीची वाटली नसावी. नोंदीची बाकीची मांडणी मात्र जशीच्या तशी ठेवली गेली, आणि जुन्या मांडणीशी जुळते असल्यामुळेच फॅट३२ पुढे कॅमेऱ्यापासून गाडीच्या म्युझिक सिस्टिमपर्यंत सगळीकडे पोचली. आजही ३२ जीबीपर्यंतचे पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ मध्येच येतात, ते याच कारणाने.

तेव्हा दुकानात जाऊन मोठा पेन ड्राइव्ह आणणे हा उपाय आहे का? कधी कधी योगायोगाने तो लागू पडतो, कारण ६४ जीबी आणि त्यापुढचे अनेक पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतात. पण ६४ आणि १२८ जीबीचेही काही पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये विकले जातात, आणि त्यांवरही तीच फाइल तशीच नाकारली जाते. जुन्याच पेन ड्राइव्हवर दहा मिनिटांत जे होऊ शकते, त्यासाठी पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

सर्वसाधारण उपाय: एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करणे

एक्सफॅट ही फाइल सिस्टिम मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये खास पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांसारख्या साधनांसाठी आणली. तिच्यात फाइलच्या आकाराचा रकाना ४ ऐवजी ८ बाइटचा आहे, त्यामुळे आपल्या व्यवहारात येणारी कोणतीही फाइल त्यात मावते. विंडोज आणि मॅक या दोन्हींवर ती वाचता येते आणि तिच्यावर लिहिताही येते. एनटीएफएसची तशी स्थिती नाही. मॅक एनटीएफएसची डिस्क वाचतो, पण स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही. म्हणून पेन ड्राइव्ह वेगवेगळ्या यंत्रांवर फिरणार असेल, तर पहिली पसंती एक्सफॅटला द्यावी.

फॉरमॅट केल्यावर पेन ड्राइव्हवरचे सर्व काही पुसले जाते, त्यामुळे पहिली पायरी म्हणजे त्यातल्या फाइली संगणकावर एका फोल्डरमध्ये काढून घेणे. केवळ काढून घेऊन थांबू नये. त्यांपैकी दोन-चार उघडून पाहाव्यात. फोल्डर काढला असे वाटावे आणि प्रत्यक्षात त्याचा शॉर्टकटच आलेला असावा, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

त्यानंतर This PC मध्ये पेन ड्राइव्हचे अक्षर नीट पाहून घ्यावे. आमच्याकडे ते E: होते. संगणकाला दुसरी बाहेरची डिस्क जोडलेली असेल, तर या कामापुरती ती काढून ठेवावी. चुकीच्या डिस्कवर फॉरमॅट चालवणे ही या सगळ्या कामातली एकमेव खरोखर महागात पडणारी चूक आहे. मग पेन ड्राइव्हच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून Format निवडावे. उघडणाऱ्या चौकटीत File system या ठिकाणी exFAT निवडावे, Allocation unit size जसे आहे तसे राहू द्यावे, Quick Format पुढची खूण कायम ठेवावी आणि Start दाबावे. काही सेकंदांत काम संपते. आज्ञा टाइप करण्याची सवय असलेल्यांना हेच असे करता येते:

```
format E: /FS:exFAT /Q
```

पूर्ण झाल्यावर पुन्हा Properties उघडून exFAT हे नाव आले आहे याची खात्री करावी आणि मग मोठी फाइल घालावी. फाइल जात असताना वेग सुरुवातीला जास्त आणि नंतर बराच कमी झालेला दिसला, तर घाबरू नये. स्वस्त पेन ड्राइव्हची लिहिण्याची खरी गती तेवढीच असते.

फाइल गेली, तरी ती अखंड गेली आहे का, हे पाहणे लग्नाच्या चित्रफितीसारख्या गोष्टीसाठी योग्य ठरते. इथे एक बारकावा आहे: प्रत घेतल्या घेतल्या तपासले, तर विंडोज पेन ड्राइव्हऐवजी स्वतःच्या स्मृतीत असलेलीच प्रत वाचून ‘सर्व ठीक’ असे सांगू शकते. म्हणून आधी Eject करून पेन ड्राइव्ह काढावा, पुन्हा जोडावा आणि मग मूळ फाइल व प्रत या दोन्हींवर पुढील आज्ञा चालवावी:

```
certutil -hashfile C:\Video\lagna.mp4 SHA256
certutil -hashfile E:\lagna.mp4 SHA256
```

दोन्ही वेळा अक्षरे आणि अंकांची जी लांब ओळ येते, ती तंतोतंत सारखी असली पाहिजे. एका अक्षराचाही फरक असेल, तर प्रत सदोष आहे. ती पुन्हा घ्यावी, आणि पुन्हा तसेच झाले तर तो पेन ड्राइव्ह महत्त्वाच्या कामाला वापरू नये.

एक्सफॅटवर Eject न करता पेन ड्राइव्ह ओढून काढण्याची सवय फॅट३२ पेक्षा जास्त धोक्याची आहे. फॅट३२ मध्ये साखळीच्या कोष्टकाच्या सहसा दोन प्रती असतात, तर एक्सफॅटमध्ये साधारणपणे एकच असते. आणि लिहिण्याचे काम अर्धवट राहिले तर ते सावरून घेणारी नोंदवही, जी एनटीएफएसमध्ये असते, ती या दोन्हींत नाही.

टीव्ही किंवा गाडी एक्सफॅट वाचत नसेल तर

आमच्या प्रकरणात पुढचा प्रश्न इथेच उभा राहिला. गावाकडचा टीव्ही बराच जुना होता. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचे संपूर्ण तांत्रिक वर्णन २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले केले. तोपर्यंत ती वापरू इच्छिणाऱ्या उत्पादकांना परवाना घ्यावा लागत असे. त्यामुळे त्याआधीचे अनेक टीव्ही, गाडीतल्या म्युझिक सिस्टिम आणि डीव्हीडी प्लेअर एक्सफॅट ओळखत नाहीत. पेन ड्राइव्ह लावल्यावर तो जणू लावलाच नाही असे दिसते, किंवा ‘फॉरमॅट करा’ असे पडद्यावर येते. अशा वेळी टीव्हीवरून फॉरमॅट करू नये, कारण त्यात फाइल जाईल.

म्हणून पाठवण्यापूर्वीच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेल्या एखाद्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर एक छोटी चित्रफीत घालून ती त्या टीव्हीवर लावून पाहण्यास सांगावे. ती दिसली नाही, तर एनटीएफएसचा प्रयत्न करावा; काही टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, पण एनटीएफएस वाचतात. फॅट३२ वरून एनटीएफएसवर जाताना तर पेन ड्राइव्हवरच्या फाइली न पुसता बदल करता येतो:

```
convert E: /fs:ntfs
```

ही आज्ञा कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून द्यावी. हा रस्ता एकाच दिशेचा आहे. पुन्हा फॅट३२ वर यायचे तर फॉरमॅटच करावे लागते. शिवाय फाइली पुसल्या जात नसल्या, तरी मध्येच वीज गेली किंवा पेन ड्राइव्ह निघाला तर त्या जाऊ शकतात, त्यामुळे आधी प्रत काढून ठेवण्याला इथेही सूट नाही. एक्सफॅटमध्ये असे थेट रूपांतर करण्याची सोय विंडोज देत नाही.

आमच्या टीव्हीला एक्सफॅट आणि एनटीएफएस दोन्ही कळत नव्हते. मग पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्येच ठेवून चित्रफितीचे दोन भाग करणे, हाच मार्ग उरला. फाइल झिप करून लहान होईल, असे अनेकांना वाटते. पण mp4 मधले चित्र आणि आवाज आधीच दाबून लहान केलेले असतात, त्यामुळे झिप केल्याने आकारात जवळजवळ फरक पडत नाही.

भाग करण्याचे दोन अगदी भिन्न प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. एका प्रकारात फाइलचे नुसते तुकडे पडतात. ते एकत्र जोडल्याशिवाय निरुपयोगी असतात. दुसऱ्या प्रकारात चित्रफितीचेच दोन स्वतंत्र, चालणारे भाग होतात. टीव्हीसाठी दुसराच प्रकार हवा. त्यासाठी ffmpeg हा मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतो. चित्रफीत २ तास १० मिनिटांची, म्हणजे ७,८०० सेकंदांची होती. तिचे निम्मे ३,९०० सेकंद घेतले:

```
ffmpeg -i lagna.mp4 -c copy -map 0 -f segment -segment_time 3900 -reset_timestamps 1 lagna-%02d.mp4
```

यातल्या -c copy मुळे चित्र पुन्हा नव्याने तयार होत नाही, नुसते कापले जाते. म्हणून दर्जा जसाच्या तसा राहतो आणि काम काही मिनिटांत आटोपते. lagna-00.mp4 आणि lagna-01.mp4 असे सुमारे ३.१ जीबीचे दोन भाग मिळतात. काप बरोबर ३,९०० व्या सेकंदाला पडत नाही. त्यानंतर जिथे चित्राची पूर्ण चौकट साठवलेली असते, तिथे पडतो, त्यामुळे थोडा पुढेमागे झाला तर ती चूक समजू नये. मात्र दोन्ही भागांचा आकार पाहून घ्यावा, कारण नाचगाण्याच्या भागाला जास्त आणि स्थिर चित्राला कमी बाइट लागतात. वेळ निम्मी म्हणजे आकारही निम्मा असे दर वेळी होत नाही. कॅमेरेही हीच युक्ती करतात: अनेक कॅमेरे लांबलचक चित्रीकरण ४ जीबीच्या आत तोडून पुढची फाइल आपोआप सुरू करतात, ते याच रकान्यामुळे.

नुसते तुकडे करून नेण्याची वेळ

फाइल चित्रफीत नसून बॅकअप किंवा डेटाबेस असेल, आणि पेन ड्राइव्ह दुसऱ्याचा असल्यामुळे फॉरमॅट करता येत नसेल, तर पहिला प्रकार कामी येतो. ७-झिपच्या मुख्य खिडकीत फाइल निवडून File यादीतून Split file घ्यावे आणि तुकड्याचा आकार 4092M असा द्यावा. आमच्या फाइलइतक्या आकाराचे दोन तुकडे होतात: पहिला ४,२९,०७,७२,९९२ बाइटचा, नावाला .001 लागलेला, आणि दुसरा २,३६,६४,२७,००८ बाइटचा, .002 लागलेला. पहिला तुकडा मर्यादेच्या किंचित आत आहे, म्हणून दोन्ही फॅट३२ वर जातात.

दुसऱ्या संगणकावर जोडताना तुकडे आधी पेन ड्राइव्हवरून त्या संगणकाच्या डिस्कवर घ्यावेत. पेन ड्राइव्हवरच जोडायला गेल्यास जोडलेली फाइल पुन्हा ४ जीबीच्या पुढे जाते आणि मूळचीच अडचण पुन्हा समोर येते. जोडण्यासाठी तिथे ७-झिप असलेच पाहिजे असे नाही. विंडोजची स्वतःची आज्ञा पुरते:

```
copy /b backup.bak.001 + backup.bak.002 backup.bak
```

इथे /b विसरू नये. ते न दिल्यास विंडोज तुकड्यांना साधा मजकूर समजून जोडते आणि एका विशिष्ट बाइटपाशी मजकूर संपला असे मानून थांबते. जोडलेल्या फाइलचा बाइटमधला आकार मूळ फाइलशी जुळला आणि वर दिलेल्या certutil च्या ओळीही जुळल्या, म्हणजे काम झाले.

फॅट३२ सोडताच येत नाही असे एक काम

विंडोज बसवण्यासाठी पेन ड्राइव्ह हाताने तयार करणाऱ्यांना हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते. आजचे संगणक सुरू होताना पेन ड्राइव्हवरून चालू होण्यासाठी फॅट३२ ची अपेक्षा ठेवतात, म्हणून तिथे एक्सफॅटचा उपाय भरवशाचा नाही. पण विंडोजच्या आयएसओमधल्या sources फोल्डरात install.wim नावाची जी फाइल असते, ती अनेकदा ४ जीबीपेक्षा मोठी असते. इथे ७-झिपचे तुकडे चालत नाहीत, कारण विंडोजचा सेटअप ते ओळखत नाही. त्याला त्याच्या पद्धतीने केलेले तुकडेच लागतात. आयएसओ D: म्हणून उघडलेली आणि पेन ड्राइव्ह E: असेल, तर आधी install.wim वगळून बाकी सर्व फाइली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात आणि मग प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील आज्ञा द्यावी:

```
Dism /Split-Image /ImageFile:D:\sources\install.wim /SWMFile:E:\sources\install.swm /FileSize:3800
```

शेवटचा आकडा एमबीमधला आहे. त्यामुळे install.swm, install2.swm अशा ३,८०० एमबीच्या आसपासच्या फाइली तयार होतात आणि सेटअप त्या आपोआप क्रमाने वाचतो. आयएसओमध्ये install.wim ऐवजी install.esd दिसली, तर आधी तिचा आकार पाहावा. ती जास्त दाबलेली असल्यामुळे कित्येकदा मर्यादेच्या आतच असते आणि काही न करता तशीच पेन ड्राइव्हवर घेता येते.